‘नाव’ शोधलं तर होडी का मिळते?

ओझरच्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. गेल्या हंगामात परदेशातल्या खरेदीदाराला बागेच्या नोंदी इंग्रजीत हव्या होत्या, म्हणून त्याने वहीतली वाक्यं एका भाषांतराच्या संकेतस्थळावर टाकली आणि जे आलं ते मला पाठवलं. वहीत होतं: ‘गोडी छाटणीनंतर काही काड्यांवर घड जिरले.’ आलेल्या इंग्रजीचं पुन्हा मराठी केलं तर अर्थ निघत होता, ‘गोड कापणीनंतर काही आगकाड्यांवर गुच्छ पचले.’ दोघंही खूप हसलो. पण असं का होतं, शब्दकोशांच्या आणि भाषांतराच्या संकेतस्थळांत मजकूर येतो कुठून, हे पाहायला निघालो तर रस्ता थेट १८३१ सालापर्यंत गेला.

त्या साली मुंबईत जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याचा मराठी–इंग्रजी कोश पहिल्यांदा छापला गेला. त्याला जॉर्ज आणि थॉमस कँडी या जुळ्या भावांची आणि पदरी ठेवलेल्या पंडितांची मदत होती. १८५७ मध्ये वाढवलेली दुसरी आवृत्ती आली, आणि आज इंटरनेटवर आपल्याला ‘मोल्सवर्थ’ म्हणून जे भेटतं ते बहुतेक वेळा हेच. शब्द कोणत्या भाषेतून आला, त्याचं लिंग काय, त्याच्याभोवती म्हणी कोणत्या, हे सगळं त्यात आहे. आजही मला एका शब्दाच्या सात छटा पाहायच्या असतील तर मी आधी तोच उघडतो. शिकागो विद्यापीठाने तो dsal.uchicago.edu वर ठेवला आहे. वझ्यांचा १९११ चा शालेय कोश आणि दाते–कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच सापडतो. हे कोश जुने असल्याने अनेकांना मोकळेपणाने वापरता येतात, आणि म्हणूनच कितीतरी संकेतस्थळांच्या पोटात, सांगून किंवा न सांगता, हाच मजकूर भरलेला असतो.

मजकूर जुना असणं हा दोष नव्हे. अडचण लेखनाची आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले (आधी चौदा होते, १९७२ मध्ये आणखी चार आले) आणि ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नाही ते गेले. त्याआधी लोक ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असं लिहीत. मोल्सवर्थमध्ये ‘नांव’ म्हणजे ज्याने हाक मारतात ते, नपुंसकलिंगी. आणि ‘नाव’ म्हणजे होडी, स्त्रीलिंगी. दोन वेगळे शब्द, दोन वेगळ्या जागा. आता आजचा मुलगा नियमाप्रमाणे ‘नाव’ टाइप करतो. जुना मजकूर जसाच्या तसा चढवलेला असेल तर त्याला फक्त होडी मिळते. नाशकातल्या मुलाला गोदाघाटावर होडी तरी दिसते, पण ‘आपले नाव लिहा’ याचा अर्थ त्याला तिथे सापडणार नाही.

म्हणून नवीन शब्दकोशाचं संकेतस्थळ हाती आलं की मी पहिल्यांदा ‘नाव’ हाच शब्द घालतो. दोन्ही अर्थ, दोन्ही लिंगांसह आले, तर जुना मजकूर कुणीतरी माणसाने बसून आजच्या लेखनाशी जुळवला आहे असं समजतो. नुसती होडी आली तर कोश चांगला असेलही, पण त्यात शोधताना जुना अनुस्वार मलाच घालावा लागणार. आणि नुसतं हाक मारायचं नाव आलं, लिंगाचा पत्ताच नाही, तर मजकूर बहुधा इंग्रजी–मराठी यादी उलटी फिरवून केलेला आहे.

मग ‘नावाने’ आणि ‘घडांना’ घालून पाहतो. मराठीत शब्द वाक्यात क्वचितच मूळ रूपात येतो. ‘घडांना’वरून ‘घड’पर्यंत जाता येत नसेल, तर वर्तमानपत्र वाचता वाचता शब्द बघणाऱ्याला ते संकेतस्थळ निम्म्या वेळा रिकाम्या हाताने परत पाठवणार.

संकेतस्थळांच्या पोटातला पहिला थर या जुन्या कोशांचा, दुसरा सरकारी. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झालं आणि त्याने पदनाम कोश, शासन व्यवहार कोश, विषयवार परिभाषा कोश काढले. कार्यालयीन पत्रासाठी त्यांना तोड नाही. फक्त हे शब्द ठरवलेले आहेत, ऐकून गोळा केलेले नाहीत, एवढं लक्षात ठेवावं. त्यांत पेमेंटसाठी ‘अधिदान’ आहे. पिंपळगावच्या बाजार समितीत मात्र शेतकरी ‘पट्टी झाली का?’ असं विचारतो. संकेतस्थळ दोन्ही शब्द एकाच रांगेत, कुठला कुठे चालतो हे न सांगता देत असेल, तर शिकणारा माणूस अडत्याकडे जाऊन अधिदान मागेल.

तिसरा थर यंत्राचा. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ मध्ये आली. २०१७ मध्ये पद्धत बदलली, तुकड्यांऐवजी पूर्ण वाक्य धरून भाषांतर होऊ लागलं, आणि वाक्यं वाचायला एकदम सरळ झाली. माझ्या मते फसगत इथेच वाढली, कारण आता चूकही सफाईदार दिसते. आधी विस्कटलेलं वाक्य स्वतःच सांगायचं की माझ्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय हिंदीची लिपी तीच, कितीतरी शब्द तेच, आणि यंत्र ज्यावरून शिकतं तो तिचा मजकूर कितीतरी जास्त. ‘चेष्टा’ म्हणजे आपल्याकडे थट्टा, हिंदीत प्रयत्न. ‘शिक्षा’ आपल्याकडे छडी, तिकडे शाळा. ‘यातायात’ म्हणजे आपली दगदग, त्यांची वाहतूक. हे तीन शब्द घातले की हिंदी कुठे गळते ते लगेच कळतं.

उदाहरणवाक्यांचंही तसंच. दाते–कर्व्यांनी अर्थाखाली जुन्या ग्रंथांतली वाक्यं आधार म्हणून दिली. ती कुणीतरी खरोखर लिहिलेली होती. आज पुष्कळ ठिकाणी उदाहरण म्हणजे इंग्रजी वाक्याचं यंत्राने केलेलं मराठी. ‘ही एक चांगली पुस्तक आहे’ असं दिसलं की मी ते पान बंद करतो. पुस्तक आपल्याकडे ‘ते’. त्याला ‘ती’ करणारी हिंदीतली किताब आहे. आणि जिथेतिथे येणारा तो ‘एक’ इंग्रजीचा.

आता मावसभावाचं वाक्य. ‘गोडी छाटणी’ म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी केलेली छाटणी. एप्रिलमधली ती खरड छाटणी. काडी म्हणजे वेलीची फांदी, आणि तिच्यावरचा डोळा म्हणजे जिथून फूट निघते तो. छाटणीनंतर हवा ढगाळ राहिली, नत्र किंवा पाणी जास्त झालं, तर डोळ्यात तयार झालेला घड सुकत किंवा गळत नाही, आतल्या आत विरतो आणि त्याच्या जागी बाळी येते, वेलीचा तो आधार धरणारा तंतू. हे कुठल्याही सामान्य कोशात सापडेल अशी अपेक्षा नाही. पण ‘जिरणे’खाली पचणं एवढा एकच अर्थ आहे, की मुरणं, शोषलं जाणं हाही आहे, यावरून कोशाची पारख होते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ज्याने ऐकलंय त्याला दुसऱ्या अर्थावरून घडाचं काय झालं ते उमगतं. यंत्राने पहिलाच अर्थ उचलला आणि पुढे निघून गेलं.

शेवटी आम्ही वहीतलं वाक्यच मराठीत मोडून लिहिलं: ‘ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीच्या काही फांद्यांवर घड बाहेर आलेच नाहीत, त्यांच्या जागी तंतू आले.’ तेच संकेतस्थळ, आणि इंग्रजी या वेळी बरोबर आलं. मावसभावाचा राग मात्र गेला नाही. ‘माझं वाक्य एवढुसं होतं,’ म्हणाला, ‘तू त्याचं पार कीर्तन केलंस.’