मेंटेनन्स बिल वाचताना: बेळगावच्या फ्लॅटधारकांनी कोणता नियम धरावा, हरकत कशी नोंदवावी

बेळगावात टिळकवाडी, शहापूर, हिंदवाडी भागातल्या अपार्टमेंटमध्ये मेंटेनन्सवरून वाद झाला की कोणीतरी मोबाइलवर आलेली मराठी माहिती वाचून दाखवतो: सिंकिंग फंड पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का, व्याज 21 टक्के. हे आकडे खरे आहेत, पण ते महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या 2014 च्या आदर्श उपविधीतले आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी इथली इमारत कर्नाटकच्या कायद्याखाली येते. तिथे हे आकडे आपोआप लागू होत नाहीत. तुमच्या इमारतीच्या स्वतःच्या बाय-लॉजमध्ये ते लिहिले असतील तरच लागतात.

म्हणून बिल हातात घेण्याआधी एकच गोष्ट विचारा, आपली नोंदणी कशाखाली आहे? कर्नाटकात मुख्यतः दोन वाटा दिसतात. एक 1972 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची फ्लॅटमालकांची असोसिएशन, दुसरी 1959 च्या सहकार कायद्याखालची सोसायटी. पहिल्या प्रकारात सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेले घोषणापत्र असते. त्यात प्रत्येक फ्लॅटचा सामायिक जागेतला टक्का दिलेला असतो आणि सामायिक खर्च त्या टक्क्याप्रमाणे वाटायचा असतो. मोठ्या फ्लॅटवाल्याचे बिल जास्त आले म्हणून तो 'सगळ्यांना सारखेच हवे' म्हणतो, पण सर्व्हिस चार्जेस सर्वांना समान हा नियमही महाराष्ट्रातल्या सोसायट्यांचा आहे. बाय-लॉज घोषणापत्राला जोडलेले असतात. तुमच्याकडे नसतील तर सब-रजिस्ट्रार कार्यालयातून नक्कल काढता येते.

आता टिळकवाडीतल्या माझ्या मावशीचे बिल घेऊ. तिने दोन वर्षांपूर्वी 36 लाखांना जुना फ्लॅट घेतला. इमारत 1972 च्या कायद्याखालची आहे, पण बिल्डरच्या वकिलाने बाय-लॉजमध्ये महाराष्ट्राचेच आकडे घातलेले: सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या 0.25 टक्के, दुरुस्ती निधी 0.75 टक्के. तिच्या दरमहा 4,700 रुपयांच्या बिलात सर्व्हिस चार्जेस 1,500, सिंकिंग फंड 750, दुरुस्ती निधी 2,250 आणि पार्किंग 200 असे होते. ती मुकाट्याने भरत राहिली.

चूक मधल्या दोन ओळींत होती. टक्का बरोबर होता, तो कशावर काढायचा ते चुकले होते. कमिटीने खरेदीपत्रातली 36 लाखांची किंमत धरली. त्या किमतीत जमीन आली, बिल्डरचा नफा आला, जुन्या मालकाचा नफाही आला. बाय-लॉजमध्ये मात्र बांधकाम खर्च म्हटले आहे, जमीन वगळून. तिचा फ्लॅट 900 चौरस फूट, आणि इमारतीच्या कागदात बांधकाम खर्च चौरस फुटाला 1,600 रुपये, म्हणजे 14,40,000. याच्या 0.25 टक्क्याने वर्षाला 3,600, महिन्याला 300 होतात, आणि 0.75 टक्क्याने महिन्याला 900. तीन हजारांऐवजी बाराशे. दर महिन्याला 1,800 रुपये जास्त जात होते. ही चूक ओळखायची सोपी खूण अशी: एकाच मापाच्या दोन फ्लॅटना वेगळा सिंकिंग फंड लागत असेल आणि त्यातला एक अलीकडे विकला गेला असेल, तर कमिटी विक्रीची किंमत धरते आहे.

हे दोन निधी वेगळे का, तेही ताळेबंदात पाहा. दुरुस्ती निधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पंप, रंग अशा कामांचा. बेळगावच्या पावसात तो दरवर्षी लागतोच. सिंकिंग फंड मात्र खांब, स्लॅब किंवा संपूर्ण पुनर्बांधणीसाठी साठवायचा. त्याची वेगळी ठेव दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर तो पैसा रोजच्या खर्चात मिसळला आहे असे समजा आणि सभेत विचारा.

पार्किंगच्या ओळीवर मी फार वेळ घालवणार नाही. घोषणापत्रात तुमची जागा नेमून दिली आहे का आणि शुल्क ठरवणारा जनरल बॉडीचा ठराव आहे का, एवढे तपासा. ठरावाविना सेक्रेटरीने लावलेले शुल्क टिकत नाही.

उरली मागील बाकी. मावशीच्या बिलात 30,330 रुपये दाखवले होते. यातले मूळ 20,000 जुन्या मालकाचे. फ्लॅट घेताना तिने नो ड्यूज प्रमाणपत्र मागितले नव्हते, आणि 1972 च्या कायद्यात विक्रीपर्यंतच्या थकबाकीला विकणाऱ्याबरोबर घेणाराही जबाबदार असतो. ही रक्कम तिला नाकारता येत नव्हती. पण व्याज तपासता येत होते. बाय-लॉजमध्ये 21 टक्के ही कमाल मर्यादा, तर सभेने ठरवलेला दर 18 टक्के सरळव्याज. 20,000 वर 24 महिन्यांचे व्याज 7,200 होते. कमिटीने 21 टक्के दर लावला, शिवाय दर महिन्याचे व्याज बाकीत मिसळून पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज धरले, म्हणून ते 10,330 झाले. सलग तीन बिले शेजारी ठेवा. मूळ थकबाकी वाढलेली नसताना त्या त्या एका महिन्याच्या व्याजाचा आकडा दर बिलात थोडा थोडा वाढत असेल, तर चक्रवाढ लागते आहे.

हरकतीचा अर्ज खरेदीपत्रात नाव असलेल्या मालकाने करावा. सहमालकही करू शकतो, भाडेकरूला मात्र मालकाचे अधिकारपत्र लागते, आणि मालक वारले असतील तर वारसाने आधी नाव बदलून घेणे बरे. सोबत खरेदीपत्राच्या पहिल्या पानांची प्रत, वादातले बिल, भरलेल्या रकमांच्या पावत्या किंवा बँक स्टेटमेंट, आणि बाय-लॉजमधले संबंधित पान जोडा. मागणी तीनच गोष्टींची ठेवा: तुमच्या फ्लॅटचा खातेउतारा, व्याज व पार्किंगच्या ठरावांच्या प्रती, निधी कोणत्या रकमेवर काढला याचा लेखी खुलासा. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर सेक्रेटरीची सही, शिक्का, तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच जपून ठेवा. कमिटीला मराठी चालत असली तरी मी हा अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्यायला सांगेन, कारण पुढे सरकारी कार्यालयात तोच कागद लागतो.

बिल भरणे मात्र थांबवू नका. वाद नसलेली रक्कम चेकने भरा आणि सोबतच्या पत्रात 'हरकत राखून' असे लिहा. नाहीतर खऱ्या थकबाकीवरही व्याज चढते, आणि सामायिक खर्चाच्या थकबाकीचा बोजा फ्लॅटवर येतो. उत्तर आले नाही तर सहकारी सोसायटीचा सभासद 1959 च्या कायद्याच्या कलम 70 खाली सहकार निबंधकाकडे वाद दाखल करू शकतो. असोसिएशनच्या फ्लॅटमालकाला सहसा दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते.

मावशीला तिथवर जावे लागले नाही. खातेउतारा टेबलावर आल्यावर कमिटीने 24 महिन्यांचे जादा घेतलेले 43,200 मान्य केले, त्यातून 20,000 मूळ व 7,200 व्याज वळते केले आणि उरलेले 16,000 तिच्या पुढच्या बिलांत जमा दाखवले. आता तिचे बिल 2,900 चे येते.