काटकोन त्रिकोण : बाजूंची पडताळणी आणि शिडीची उदाहरणे

काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. हे पायथागोरसचे प्रमेय. याचा व्यत्यासही खरा आहे: सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका भरला, तर तिच्यासमोरचा कोन ९०° असतो. पुण्याच्या बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात (गणित भाग २) दोन्ही एकाच प्रकरणात येतात. पहिल्याने बाजू काढायची, दुसऱ्याने कोन तपासायचा.

तपासताना आधी सर्वांत मोठी बाजू ओळखावी. बाजू ज्या क्रमाने दिल्या त्याच क्रमाने वर्ग मांडले, की उत्तर चुकते. मोठ्या बाजूचा वर्ग बेरजेपेक्षा जास्त आला तर त्रिकोण विशालकोन, कमी आला तर लघुकोन.

फरशी बसवण्यापूर्वी खोली गुण्यात आहे का, हे मिस्त्री याच व्यत्यासाने बघतात. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६ फूट आणि दुसरीवर ८ फूट खूण करून दोन खुणांमधले अंतर टेपने मोजतात. ते १० फूट हवे. ३-४-५ फुटांनीही काम होते, पण लांब मापात टेपची थोडी चूक कोनात कमी दिसते. समजा, अंतर १० फूट १ इंच भरले. इंचांत ७२² + ९६² = १४४००, तर १२१² = १४६४१. म्हणजे कोन विशाल आहे, सुमारे ९१°. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण १२ फूट लांबीच्या भिंतीच्या टोकाला तो अडीच इंचांचा फरक पाडतो, आणि शेवटच्या ओळीतल्या फरश्या तिरक्या कापाव्या लागतात.

शिडीच्या उदाहरणांत शिडी हाच कर्ण. ६.५ मीटरची शिडी, पाया भिंतीपासून २.५ मीटर, तर उंची काढताना वर्गांची वजाबाकी होते: ४२.२५ − ६.२५ = ३६, म्हणून ६ मीटर. इथे बेरीज केली तर उंची शिडीपेक्षाही जास्त येते. चूक ओळखायला तेवढी खूण पुरे.

आता पाया १.४ मीटर मागे सरकून ३.९ मीटरवर गेला. वरचे टोकही १.४ मीटरच उतरेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ४२.२५ − १५.२१ = २७.०४, म्हणजे नवी उंची ५.२ मीटर, टोक ०.८ मीटरच उतरले. कायम राहते ती शिडीची लांबी, म्हणून प्रत्येक स्थितीचा त्रिकोण नव्याने सोडवावा लागतो.

यातली मापे वर्गमूळ नेमके निघावे म्हणून निवडलेली असतात. खरी शिडी लावताना पाया उंचीच्या साधारण चौथ्या भागाइतका दूर ठेवतात. हीच शिडी १.६ मीटरवर ठेवली तर टोक बरोबर ६.३ मीटरवर टेकते. मात्र जुन्या वाड्याची भिंत ओळंब्यात नसेल किंवा अंगण उताराचे असेल, तर पायथ्याशी काटकोनच होत नाही आणि हे गणित लागू पडत नाही.