पीकविम्याचा हिशेब मंडळावर का होतो?

शिरोळ-हातकणंगल्याकडे सोयाबीनचा विमा जमा झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माझं रान पाण्यात गेलं, मग एवढेच कसे? याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच्या एका फसलेल्या प्रयोगात आहे.

1972 च्या सुमारास गुजरातेत एच-4 कापसावर शेतकरीनिहाय विमा सुरू झाला. पुढे तो महाराष्ट्रासह इतर राज्यांत गेला. 1978 पर्यंत हप्ते जमले साडेचार लाखांचे, भरपाई गेली सुमारे 38 लाखांची. शिवाय प्रत्येक बांधावर जाऊन नुकसान मोजायला माणसं कुठून आणायची? तेव्हा पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी शेताऐवजी क्षेत्र मोजायचा मार्ग सुचवला. 1979 चा पथदर्शी प्रयोग, 1985 ची सर्वंकष पीकविमा योजना, 1999 ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि 2016 ची पंतप्रधान पीकविमा योजना याच पायावर उभ्या राहिल्या. बदलत गेला तो मुख्यतः क्षेत्राचा आकार. आता महाराष्ट्रात प्रमुख पिकांना तो महसूल मंडळाएवढा असतो.

म्हणून भरपाई तपासताना आपल्या रानातली पोती बाजूला ठेवावी लागतात. मंडळात चिठ्ठीने निघालेल्या शेतांत 10 मीटर बाय 5 मीटरचा तुकडा कापून, मळून, वजन करतात. त्या वजनाला 200 ने गुणलं की हेक्टरी उत्पादन. अशा प्रयोगांच्या सरासरीवरून प्रत्यक्ष उत्पादन काढतात.

आता कल्पित आकड्यांनी एक हिशेब करू. मंडळाचं सात वर्षांचं सोयाबीन हेक्टरी किलोत असं: 1800, 2000, 1200, 1900, 1300, 2100, 2200. पुराची दोन वाईट वर्षं गळतात, चांगल्या पाचांची सरासरी 2000. जोखीमस्तर 70 टक्के, म्हणजे उत्पादन सरासरीच्या 70 टक्क्यांखाली गेलं तरच भरपाई, म्हणून उंबरठा उत्पादन 1400. यंदा तुकड्यांत सरासरी सव्वापाच किलो निघालं, म्हणजे 1050. तूट 350, तीही 1400 च्या तुलनेत: 25 टक्के. हेक्टरी विमा रक्कम 50 हजार आणि विमा 60 आरचा, तर 50,000 × 0.60 × 25 टक्के = 7,500 रुपये.

पुष्कळ जण तूट 2000 पासून धरतात आणि 14,250 रुपये अपेक्षितात. पण सरासरीच्या खालचे पहिले 30 टक्के शेतकऱ्याच्याच अंगावर असतात. मंडळाची सरासरी 1400 वर राहिली, तर एखाद्याचं रान पूर्ण कुजलं तरी या सूत्रात त्याला शून्य.

दुसरा घोळ क्षेत्राचा. पावतीवरचं 0.60 म्हणजे साठ आर, अंदाजे दीड एकर, ते 0.60 एकर धरलं की हिशेब चुकतो. पावतीवरचा गट नंबर, मंडळ आणि पीक सातबाऱ्याशी व ई-पीक पाहणीशी जुळवून घ्यावं. विमा 60 आरचा आणि सोयाबीन 40 आरवरच, उरलेल्यात ऊस असेल, तर पैसे 40 आरचेच मागता येतात.

राज्यात 2025 च्या खरिपात स्थानिक आपत्तीचं वेगळं संरक्षण काढून भरपाई मंडळाच्या उत्पादनावर ठेवली गेली. त्या हंगामाचा दावा पडताळायचा, तर पंचनामा उपयोगी पडत नाही. मंडळाचं उंबरठा आणि प्रत्यक्ष उत्पादन हे दोनच आकडे तालुका कृषी कार्यालयातून मिळवावे लागतात.