विड्रॉल का अडतो: कलर प्रेडिक्शन ॲपांची पार्श्वभूमी

दहा आकडे, त्यातला एक लागला तर नऊपट. हा हिशोब मुंबईला साठच्या दशकापासून पाठ आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर सुरू झालेला आकडा पुढे पत्त्यांवर आला, त्याचा मटका झाला, पण सिंगलचा भाव नऊच राहिला. पुढे कोणता रंग किंवा आकडा येईल यावर पैसे लावायला लावणाऱ्या आजच्या कलर प्रेडिक्शन ॲपांतही शून्य ते नऊ हेच दहा आकडे असतात आणि आकडा लागला तर नऊपटच कबूल केलेले असतात. फरक पैसे देण्यात आहे. मटका बेकायदा होता, त्याने घरेही बुडवली, पण लागलेला आकडा चुकता होत असे. चिठ्ठी घेणारा त्याच गल्लीत बसायचा. एकदा पैसे बुडवले की दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणी फिरकत नसे. ॲपवाल्याला गल्लीच नाही. नाव खराब झाले की तो तेच ॲप नव्या नावाने, नव्या लिंकवर उघडतो.

एवढा मोठा फरक कायद्याच्या चर्चेत इतकी वर्षे का आला नाही, याचे उत्तर एका शब्दात सापडते: 'कौशल्य'. 1867 च्या जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक्षीस स्पर्धांच्या प्रकरणात कौशल्याच्या स्पर्धा जुगारापासून वेगळ्या काढल्या. 1968 मध्ये रमी कौशल्याची ठरली, 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यती. 2017 मध्ये एका उच्च न्यायालयाने फँटसी क्रिकेटलाही त्याच पंक्तीत बसवले. प्रत्येक वेळी प्रश्न तोच होता: निकाल डोक्याने लागतो की नशिबाने? खेळणाऱ्याचे पैसे कोणाच्या खात्यात पडून आहेत आणि तो मागेल तेव्हा ते द्यायला कोण बांधील आहे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. माझ्या मते खरे नुकसान इथे झाले. 'प्रेडिक्शन', म्हणजे अंदाज, हे नाव याच फटीतून आले. अंदाज बांधायला डोके लागते, असे भासवले की लाल-हिरव्यावरचा सट्टासुद्धा कौशल्याच्या खेळासारखा दिसू लागतो.

खात्याचा प्रश्न किती खरा आहे, हे बाहेरच्या जगाने 2011 मध्ये पाहिले होते. त्या वर्षी 15 एप्रिलला अमेरिकेत मोठ्या ऑनलाइन पोकर साइटवर कारवाई झाली. त्यातल्या एका साइटकडे जगभरच्या खेळाडूंचे सुमारे 39 कोटी डॉलर शिल्लक दिसत होते. बँकेत होते सुमारे 6 कोटी. ती साइट नामांकित होती, रोज विड्रॉल देत होती. तरीही खेळाडूंच्या पडद्यावरची शिल्लक हा फक्त एक आकडा होता. वॉलेटमधली रक्कम वेगळ्या खात्यात राखून ठेवलेली नसेल, तर ती कधीही अशीच असते.

आपल्याकडे हा धंदा फोफावला तो यूपीआयमुळे. यूपीआय 2016 मध्ये आले, आणि शंभर-दोनशे रुपये कोणालाही क्षणात पाठवता येऊ लागले. 2020 च्या टाळेबंदीत लोक घरी बसले, हाताला काम नव्हते, आणि टेलिग्रामवर ग्रुप उगवू लागले. ऑगस्ट 2020 मध्ये हैदराबादेत पोलिसांनी अशीच एक टोळी पकडली, तेव्हा सुमारे 1,100 कोटी रुपयांचे व्यवहार समोर आले. ओळखीतून लिंक मिळाल्याशिवाय आत प्रवेश नाही, आणि साइटचे पत्ते सतत बदलते. ही पद्धत तेव्हाच पक्की झालेली होती आणि आजही तीच चालते.

खेळ समजायला सोपा आहे. एक किंवा तीन मिनिटांचा एक 'पिरियड'. हिरव्यात 1, 3, 7, 9. लालमध्ये 2, 4, 6, 8. शून्य लाल आणि जांभळ्यात, पाच हिरव्या आणि जांभळ्यात वाटून घेतलेले. हिरव्यावर शंभर लावले की दोन रुपये 'सर्व्हिस फी' कापून 98 धरतात. 1, 3, 7 किंवा 9 आला तर दुप्पट, म्हणजे 196. पाच आला तर दीडपट, म्हणजे 147. बाकी पाच आकड्यांवर काहीच नाही. दहाही आकडे सारख्या शक्यतेने येतात असे धरून सरासरी काढली, तर शंभराचे साधारण 93 परत येतात. म्हणजे ॲप अगदी सचोटीने चालवले तरी दर शंभरामागे सात रुपये चालवणाऱ्याचे. आणि तिथे सचोटीची सक्ती कोणाची नाही. कोणत्या रंगावर किती पैसे लागलेत हे सर्व्हरला निकालाआधी दिसते, त्यामुळे कमी पैसे लागलेला रंग काढणे त्याच्या हातात असते.

मग विड्रॉल अडवायची गरज काय? कारण सात टक्के मिळवायला माणूस महिनोन्महिने खेळत राहावा लागतो, आणि ॲपचे आयुष्य कधी कधी काही आठवड्यांचेच असते. सुरुवातीला दिलेली छोटी रक्कम ही चालवणाऱ्याच्या दृष्टीने जाहिरातीचा खर्च आहे. तीही बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी नुकत्याच भरलेल्या पैशांतून जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलाने मित्राच्या लिंकवरून ॲपची फाइल उतरवून घेतली आणि 500 रुपयांचे रिचार्ज केले. ग्रुपमधला 'मेंटर' रंग सांगत गेला आणि शिल्लक 820 झाली. त्याने 300 काढून पाहिले. दहा मिनिटांत खात्यात जमा. इथे त्याचा विश्वास बसला. मोबाइलवर आलेला बँकेचा मेसेज खरा होता आणि तोच त्याने चार जणांना दाखवला. मग त्याने 20,000 भरले. मेंटरने 'थ्री एक्स प्लॅन' दिला, म्हणजे हरलात की पुढच्या पिरियडला तिप्पट लावा. दोन दिवसांत शिल्लक 64,000 झाली. आता सगळे काढायला गेला तर आधी 'प्रोसेसिंग', मग दुसऱ्या दिवशी संदेश: सरकारी नियमाप्रमाणे 30 टक्के टॅक्स, 19,200 रुपये, आधी भरा, लगेच विड्रॉल सुटेल.

या एका शब्दाने, 'टॅक्स'ने, सुशिक्षित माणसेही फसली आहेत, कारण तो शब्द खोटा नाही. 1 एप्रिल 2023 पासून ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस खरोखर लागू झाला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या. ॲपवाल्यांना नवे खोटे रचावे लागले नाही, खऱ्या नियमाचे उलटे टोक पुढे करणे पुरेसे झाले.

खरा नियम असा. टीडीएस म्हणजे देणाऱ्याने देताना कापायचा कर. तो तुमच्याच रकमेतून वजा होतो आणि उरलेले हातात येते. त्यासाठी खेळणाऱ्याने वरून एक रुपयाही भरायचा नसतो. शिवाय तो शिलकीवर लागत नाही, निव्वळ कमाईवर लागतो: वर्षभरात काढलेली रक्कम वजा भरलेली रक्कम. वरच्या उदाहरणात काढायचे एकूण 64,300, भरलेले 20,500, म्हणून निव्वळ 43,800. त्याचे 30 टक्के 13,140. नियमाने चालणाऱ्या कंपनीने 64,000 मधून एवढेच कापून 50,860 रुपये त्याच्या खात्यात टाकले असते. ॲपने मागितलेले 19,200 हे पूर्ण शिलकीचे 30 टक्के होते, आणि ते त्याच्याच खिशातून. जीएसटीचा तर इथे संबंधच नाही, तो पैसे भरताना लागतो, काढताना नाही.

ज्याने ते 19,200 भरले, त्याला पुढचे कारण मिळते. बँकेचा आयएफएससी चुकला आहे, पडताळणीसाठी डिपॉझिट ठेवा. खाते 'रिस्क'मध्ये गेले आहे. बोनस घेतला होता, त्याच्या तीसपट टर्नओव्हर पूर्ण करा. प्रत्येक कारण आधी भरलेल्या पैशांच्या आशेवर उभे असते. शेवटी माणूस थकतो, आणि काही दिवसांनी 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो' म्हणणाऱ्याचा फोन येतो. त्याची फीसुद्धा आगाऊच असते.

हे आधी ओळखता येते का? येते, आणि खूण ॲपच्या पडद्यावर नसते, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये असते. प्रत्येक रिचार्जला समोरचे नाव बदलते: आज एखादे किराणा दुकान, उद्या कुणा अनोळखी माणसाचे नाव. पहिले 300 रुपये आले, तेही कोणा व्यक्तीच्या खात्यातून आलेले असतात, ॲपच्या कंपनीकडून नाही. ही भाड्याची खाती. काही हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकणाऱ्यांची.

यातून आणखी एक आपत्ती येते, जी फारशी कोणी सांगत नाही. त्या भाड्याच्या खात्यावर एखाद्याने तक्रार केली की तिथून पैसे जिथे जिथे गेले, त्या खात्यांवरही बँक होल्ड लावू शकते. म्हणजे तुम्ही 300 रुपये 'जिंकलात', आणि ते दुसऱ्या बुडालेल्या माणसाचे निघाले, तर तुमचे पगाराचे खाते गोठू शकते. लहान विड्रॉल सुखरूप मिळाला म्हणून सुटलो, असे समजता येत नाही.

पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायला जेवढा उशीर होईल तेवढी ती रक्कम पुढच्या खात्यात सरकलेली असते, कारण भाड्याच्या खात्यात ती थांबतच नाही. तक्रारीला लागतो तो यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. ॲपमधल्या वॉलेटचा स्क्रीनशॉट काढून लोक पोलिसांकडे जातात, पण 64,000 चा तो आकडा कधी पैसा नव्हताच. पुरावा आहे तो 500, 20,000 आणि 19,200 या तीन व्यवहारांचा.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने नवा कायदा केला आणि कौशल्य-नशिबाचा घोळ एका वाक्यात निकालात काढला: पैसे भरून पैसे मिळण्याची अपेक्षा असेल तर तो 'ऑनलाइन मनी गेम', मग डोके लागो वा नशीब. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, त्याचे पैसे वळवणाऱ्यालाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे विशेष चांगले झाले, कारण गुन्हेगार ठरू या भीतीने तक्रारच न करणारे कितीतरी होते. मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांनी त्यानंतर पैशांचे खेळ थांबवले आणि शिल्लक काढून घ्यायची सोय चालू ठेवली. पैसे काढता आले, कारण मागायला तिथे कोणीतरी होते: कंपनी, तिचा पत्ता, तिचे संचालक.

लिंकवरून उतरवलेल्या ॲपांना यातले काहीच नव्हते. त्यांच्याबाबत तक्रार झाली की तपास पहिल्यांदा पोहोचतो तो भाड्याच्या खात्याच्या मालकापर्यंत, एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या पोरापर्यंत, ज्याने पासबुक कोणाला दिले त्याचे खरे नावही त्याला माहीत नसते.