शेगडीचा तुकडा: काच की स्फटिक?

मावशीच्या इंडक्शन शेगडीवर खलबत्त्याचा बत्ता पडला आणि वरची काळी पाटी फुटली. त्यातला तळहाताएवढा एक तुकडा मी वर्तमानपत्रात गुंडाळून लॅबमध्ये आणला. एमएस्सीचं दुसरं वर्ष होतं. एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरण टाकून पदार्थातली अणूंची मांडणी तपासण्याच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक जोडीने एक अनोळखी नमुना आणायचा होता. माझी जोडीदार मुग्धा. तिने तुकडा हातात घेतला, कड बघितली आणि म्हणाली, "काच आहे. यात काय शोधायचं? दुसरं काहीतरी आण."

तिचं म्हणणं निराधार नव्हतं. तुटलेल्या कडेवर शिंपल्याच्या पाठीसारख्या गोलसर लाटा होत्या, काच फुटल्यावर दिसतात तशा. पृष्ठभाग आरशासारखा होता. मोबाईलचा टॉर्च मागे धरला तर काळ्या तुकड्यातून गडद लालसर उजेड आरपार येत होता. स्फटिकांचा गठ्ठा असता तर त्यांच्या सीमांवर प्रकाश विखुरला असता आणि तुकडा चिनीमातीच्या कपासारखा दुधी दिसला असता, असं तिचं म्हणणं.

मी कुठेतरी वाचलं होतं की शेगडीची पाटी 'ग्लास-सिरॅमिक' असते. पण वाचलेलं आणि हातातलं एकच असेल असं नाही. स्वस्त शेगड्यांवर साधी टफन काचही बसवतात. एवढं मात्र कळत होतं की टफन काच फुटली की तिचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात, आणि मावशीच्या पाटीचे लांब, धारदार फाळके झाले होते. यावरून ती टफन नाही एवढंच ठरतं. अमॉर्फस, म्हणजे स्फटिकांशिवायची निव्वळ काच आहे की नाही, हे ठरत नाही.

भांडण नेमकं कशाचं, ते आधी सांगतो. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. एक ठिपका माहीत असला की दहा ओळी पलीकडचा ठिपका कुठे पडणार हे न बघता सांगता येतं. स्फटिकात अणूंचं असंच असतं. काचेत ती सोय नाही. तिथेही सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात, साधारण १.६ अँगस्ट्रॉमवर; एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. म्हणजे शेजारचं घर अगदी नीटनेटकं. पण त्या चौकड्या एकमेकींना जोडताना कोन थोडाथोडा बदलत जातो आणि पाच-सहा घरं ओलांडली की पुढचा अणू कुठे असेल हे सांगता येत नाही. तेव्हा काचेत शिस्त नसते हे खरं नाही. ती लांबवर टिकत नाही.

क्ष-किरणांना हा फरक लगेच कळतो. लांबवर चालणाऱ्या रांगांवरून परतलेल्या लाटा ठरावीक कोनांतच एकमेकींना बळ देतात, म्हणून स्फटिकाच्या आलेखावर सुईसारखी अणकुचीदार शिखरं येतात. काचेत फक्त जवळची अंतरं ठरलेली, त्यामुळे शिखरांऐवजी एक पसरट उंचवटा येतो. लॅबमध्ये त्याला सगळे 'हंप' म्हणतात. टेकडी दिसली तर काच आणि सुळका दिसला तर स्फटिक, इतकं हे सोपं आहे असं आम्हालाही वाटत होतं.

पोलादी खलात तुकडा फोडला, मग अकिकाच्या खलात मैद्यासारखा बारीक केला. पावडर जेमतेम चमचाभर निघाली. ती काचेच्या होल्डरच्या खळगीत पसरली आणि मशीनसाठी थांबलेल्यांची रांग लांब असल्यामुळे दहा मिनिटांचा झटपट स्कॅन घेतला. आलेखात २४ अंशांच्या आसपास मोठी टेकडी होती आणि तिच्या उजव्या उतारावर, २६ अंशांच्या जरा अलीकडे, एक टेंगूळ.

मुग्धाने टेकडीवर बोट ठेवलं, मी टेंगळावर. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं.

एक्सआरडी चालवणारे काका मागे उभे राहून बघत होते. त्यांनी आमची पावडर झटकून टाकली, रिकामा होल्डर मशीनमध्ये ठेवला आणि तसाच दहा मिनिटं स्कॅन घेतला. टेकडी जिथल्या तिथे! पावडरचा थर पातळ होता, किरण त्यातून खाली उतरले होते आणि आमच्या आलेखातली बरीचशी टेकडी होल्डरच्या काचेची होती. मुग्धा गप्प. मी हसायला लागलो तसे काका माझ्याकडे वळले. "तुझं टेंगूळ तरी कशावरून खरं? दहा मिनिटांच्या स्कॅनमध्ये असली टेंगळं रोज येतात."

मग काकांनी कपाटातून सिलिकॉनचा होल्डर काढला. तो एकाच स्फटिकाचा असतो आणि मुद्दाम अशा तिरक्या कोनात कापलेला असतो की त्याचं स्वतःचं एकही शिखर आलेखात येत नाही. उरलेली पावडर त्यावर पसरली. १० ते ६० अंश, ०.०२ अंशाचं पाऊल, प्रत्येक पावलाला १० सेकंद. हिशेब केला तर जवळजवळ सात तास होतात, म्हणून मशीन रात्रभर चालू ठेवलं. शेजारी तुलनेला म्हणून मायक्रोस्कोपच्या साध्या स्लाइडचीही पावडर करून ठेवली होती, तिचाही असाच स्कॅन नंतर घेतला.

सकाळी स्लाइडचा आलेख उघडला तर एकच पसरट टेकडी, कुठेही टोक नाही. शेगडीच्या तुकड्याचा आलेख मात्र वेगळाच होता. २५.७ अंशांवर ताठ उभं शिखर, २० अंशांच्या आसपास एक छोटं आणि पुढे आणखी काही.

मुग्धा इतक्यात ऐकणार नव्हती, आणि तिची हरकत चांगली होती. "अकीक म्हणजे काय? क्वार्ट्झच. खल झिजला असेल. हे तुझ्या शेगडीचं नाही, खलाचं शिखर आहे." अशी भेसळ खरोखर होते, कडक नमुना जोरात घोटला की होतेच. पण क्वार्ट्झचं सर्वांत उंच शिखर २६.६ अंशांवर असतं. आमचं जवळजवळ एक अंश अलीकडे होतं. त्यावर ती म्हणाली, पावडरची पातळी खालीवर झाली तर सगळा आलेखच सरकतो. हेही खरं. म्हणून काकांनी पावडरमध्ये चिमूटभर शुद्ध सिलिकॉन मिसळून पुन्हा थोडा स्कॅन घेतला. सिलिकॉनचं शिखर २८.४ अंशांवर, जिथे हवं तिथेच आलं. म्हणजे आलेख सरकलेला नव्हता आणि २५.७ हा आकडा खरा होता.

हे शिखर ओळखीचं निघालं, ग्लास-सिरॅमिकमधल्या स्फटिकांचं. लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या ऑक्साइडची काच आधी ओततात. तिच्यात थोडं टायटॅनियम किंवा झिरकोनियम ऑक्साइड घातलेलं असतं. मग ती पुन्हा तापवली की त्या ऑक्साइडांच्या बारीक कणांभोवती असंख्य स्फटिक एकदम उगवतात. त्यांची रचना क्वार्ट्झच्या उच्च तापमानातल्या रूपासारखी असते, फक्त काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं आणि पोकळीत लिथियम शिरतं. जाळी थोडी सैल होते, म्हणून शिखर साध्या क्वार्ट्झपेक्षा अलीकडे सरकतं.

मग पारदर्शक कसं? याचं उत्तर शिखराच्या रुंदीत आहे. स्फटिक जितका लहान तितकं शिखर रुंद, आणि हा हिशेब शेररच्या सूत्राने करतात:

```
D = K λ / (β cos θ)
```

इथे D म्हणजे स्फटिकाचा आकार, θ म्हणजे शिखराच्या कोनाचा निम्मा कोन, K हा स्थिरांक साधारण ०.९, λ म्हणजे तांब्याच्या नळीच्या किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम, आणि β म्हणजे अर्ध्या उंचीवरची रुंदी, रेडियनमध्ये. आमची रुंदी ०.३३ अंश आली. त्यातली ०.०८ मशीनची स्वतःची, ती वजा करून उरली ०.२५ अंश, म्हणजे ०.००४४ रेडियन. उत्तर आलं सुमारे ३३ नॅनोमीटर. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. तिच्यापुढे इतका लहान स्फटिक जवळजवळ नसल्यासारखाच, शिवाय तो आणि भोवतालची काच यांचा अपवर्तनांकही जवळजवळ सारखा असतो. म्हणून प्रकाश फारसा न विखुरता निघून जातो. तुकडा काळा दिसतो तो रंगासाठी घातलेल्या व्हॅनेडियम ऑक्साइडमुळे, स्फटिकांमुळे नाही.

मुग्धाचा शेवटचा डाव मला सगळ्यात आवडला. तिने स्लाइडची टेकडी घेतली, तिची रुंदी ८ अंश धरली आणि तेच सूत्र लावलं. उत्तर एक नॅनोमीटर. "म्हणजे तुझ्या न्यायाने साधी काचसुद्धा एक नॅनोमीटरच्या स्फटिकांची! मग फरक कुठे राहिला?"

हा वाद आमच्या आधी शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. रशियात लेबेदेव यांनी १९२१ मध्ये काच म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांचा साठा आहे असं मांडलं होतं. १९३२ मध्ये झकारियासेन यांनी उलट बाजू घेतली की काच म्हणजे अनियमित पण सलग जाळं. अमेरिकेत वॉरन यांनी क्ष-किरणांचे आलेख मोजून दाखवलं की शुद्ध सिलिका काचेची टेकडी स्फटिकांची मानली, तर त्यांचा आकार स्फटिकाच्या एका घरकुलाएवढाच, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्याएवढाच निघतो. एकच ठिपका मांडून त्याला ठिपक्यांची रांगोळी म्हणता येत नाही. सूत्र कुठल्याही रुंदीला आकडा देतं, त्या आकड्याला अर्थ आहे का हे आपण बघायचं असतं. ३३ नॅनोमीटरमध्ये अशी साठेक घरकुलं ओळीने बसतात. एका नॅनोमीटरमध्ये दोनसुद्धा धड बसत नाहीत.

तरी ती पूर्ण हरली नाही. सिलिकॉनच्या होल्डरवर घेतलेल्या आलेखातही शिखरांच्या पायथ्याशी एक बुटकी टेकडी उरलीच होती, आणि या वेळी ती होल्डरची नव्हती. स्फटिकांच्या मधली जागा खरोखरच काचेची असते. दुर्बिणींच्या आरशांसाठी वापरतात त्या झेरोडूर नावाच्या ग्लास-सिरॅमिकमध्ये वजनाने ७० ते ७८ टक्के स्फटिक असतात, बाकी काच. हे मिश्रण मुद्दाम केलेलं असतं. तापल्यावर हे स्फटिक एकूण किंचित आक्रसतात आणि काच प्रसरण पावते, दोन्हींचा हिशेब शून्याजवळ येतो. म्हणून तापलेल्या पाटीवर गार पाणी सांडलं तरी ती तडकत नाही. बत्ता पडला तर मात्र फुटते, ठोक्यापुढे ती काचच.

उलट बाजूनेही घाई करू नये, हे काकांनी जाता जाता सांगितलं. नुसती टेकडी दिसली म्हणून नमुना शंभर टक्के अमॉर्फस ठरत नाही. एखाददोन टक्के स्फटिक असले तर त्यांचं शिखर मागच्या गोंगाटात बुडून जातं, आणि दहा मिनिटांच्या स्कॅनमध्ये त्याहून जास्तही बुडतात. म्हणून जाणकार लोक 'एक्सआरडीला अमॉर्फस दिसतो' एवढंच लिहितात.

जर्नलमध्ये नमुन्याचं नाव मुग्धाने लिहिलं: 'ग्लास-सिरॅमिक, शिल्लक काचेसह'. 'शिल्लक काचेसह'खाली तिने दोन रेघा ओढल्या. मावशीने नवी पाटी बसवली तेव्हा दुकानदाराला विचारलं, ही कशाची? तो म्हणाला, "काचेची."