रोख्याची किंमत, कूपन आणि परतावा

रोखा म्हणजे कर्जाऊ दिलेल्या पैशांचा कागद, बॉण्ड. व्याजदर वाढले की आधी निघालेल्या रोख्यांची बाजारातली किंमत उतरते. दर उतरले की ती चढते. रोख्याच्या नावातच जो टक्का असतो त्याला कूपन म्हणतात आणि ठरावीक व्याजाच्या रोख्यात तो शेवटपर्यंत बदलत नाही. आजच्या बाजारभावाने रोखा घेऊन मुदत संपेपर्यंत ठेवला तर वर्षाला जे टक्के सुटतात, तो परतावा. व्यवहारात त्याला यील्ड म्हणतात, आणि तो बाजार चालू असताना सतत बदलत असतो.

पूर्वी रोखा कागदी असे आणि त्याच्या कडेला व्याजाच्या चिठ्ठ्या छापलेल्या असत. तारीख आली की एक चिठ्ठी कापून द्यायची आणि व्याज घ्यायचे. त्या चिठ्ठीचे नाव कूपन. आता सरकारी रोखे केवळ खात्यातल्या नोंदी आहेत, पण शब्द टिकला आणि त्याचा स्वभावही टिकला: छापलेल्या चिठ्ठीवरचा आकडा नंतर खोडता येत नाही.

हा आकडा येतो कुठून, ते एका रोख्यावरून स्पष्ट दिसते. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने दहा वर्षांचा नवा रोखा काढला. रिझर्व्ह बँकेच्या लिलावात बोली लावणाऱ्यांनी किती टक्क्यांवर पैसे द्यायची तयारी आहे ते कळवले आणि लिलावाचा दर ६.५४ टक्के ठरला. तोच आकडा कूपन झाला आणि रोख्याचे नाव पडले ‘६.५४% जीएस २०३२’; जीएस म्हणजे गव्हर्नमेंट सिक्युरिटी, सरकारी रोखा. दर १७ जानेवारीला आणि १७ जुलैला प्रत्येकी ३ रुपये २७ पैसे, आणि १७ जानेवारी २०३२ ला शंभर रुपये परत, असा हा करार आहे. म्हणजे कूपन हा निघण्याच्या दिवशीचा परतावाच असतो, त्या दिवशी गोठवलेला. दोन्ही आकडे हमखास सारखे असतात ते त्याच दिवशी. पुढे बाजार आपल्या वाटेने जातो आणि कूपन जागच्या जागी राहते.

या रोख्याच्या बाबतीत बाजार फार लवकर निघून गेला. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात सरकारी कर्जाचा आकडा मोठा निघाला, महागाई वाढली, ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नेहमीच्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४.०० वरून ४.४० टक्के केला आणि ८ जूनला ४.९० टक्के. जूनच्या मध्याला दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा ७.६० टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता.

समजा, नागपुरात धंतोलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने जानेवारीत या रोख्यात दहा लाख रुपये घातले आणि काही महिन्यांतच घरच्या कामासाठी तिला ते विकायचे आहेत. समोर जो घेणारा आहे त्याला तितक्याच मुदतीचे दुसरे सरकारी कागद ७.६० टक्क्यांनी मिळताहेत. तिचा रोखा शंभर रुपयांवर वर्षाला ६.५४ देतो. सहामाही हप्त्यात बोलायचे तर घेणाऱ्याला ३ रुपये ८० पैसे हवेत आणि हा रोखा देतो ३ रुपये २७ पैसे. दर हप्त्याला ५३ पैशांची तूट. जुलैचे व्याज तिने घेतल्यानंतर साडेनऊ वर्षे, म्हणजे १९ हप्ते उरतात. घेणारा म्हणतो, ही तूट आत्ताच किमतीत वळती करा.

५३ पैसे गुणिले १९ म्हणजे १० रुपये ७ पैसे. पण तो एवढे कापून मागू शकत नाही, कारण ही तूट त्याला एकदम सोसायची नाही, साडेनऊ वर्षांत थोडी थोडी सोसायची आहे. उद्याच्या पैशाचे आजचे मोल कमी असते. प्रत्येक ५३ पैसे सहामाही ३.८० टक्क्यांनी मागे आणले की सगळ्यांची आजची बेरीज ७ रुपये ८ पैसे होते. म्हणून रोख्याची किंमत ९२ रुपये ९२ पैसे. किंमत पडते म्हणजे नेमके हेच घडते: पुढच्या सगळ्या हप्त्यांतली तूट विकणाऱ्याकडून आज एकरकमी वसूल होते. परताव्याचा बाजारदर कूपनच्या खाली गेला असता, तर तूट नसून जास्तीची रक्कम असती आणि ती विकणाऱ्याला शंभराच्या वर मिळाली असती.

दहा लाखांच्या दर्शनी मूल्यावर, म्हणजे मुदतीअंती परत मिळणाऱ्या रकमेवर, तिला ९ लाख २९ हजार २०० रुपये मिळतील. हाच हिशेब संगणकावर पडताळायचा असेल तर एक्सेलमध्ये असा:

```
=PRICE(DATE(2022,7,18),DATE(2032,1,17),6.54%,7.6%,100,2,4)
```

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. त्याच्यासमोर टक्क्यांचे तीन आकडे आहेत आणि गोंधळ होतो तो यांच्यातच. पहिला ६.५४: कूपन, शंभर रुपयांच्या दर्शनी मूल्यावरचे. दुसरा, ६.५४ भागिले त्याने मोजलेले ९२.९२, म्हणजे ७.०४ टक्के, याला चालू परतावा म्हणतात. तिसरा ७.६०: मुदतपूर्तीचा परतावा. त्यात व्याजाखेरीज ९२.९२ ला घेतलेल्या कागदाचे २०३२ मध्ये शंभर होणार, ही वाढही धरलेली असते. दोन रोखे तोलायचे असतील तर तिसराच आकडा कामाचा. त्यातही एक गृहीत आहे ते ध्यानात ठेवावे: हातात येणारे प्रत्येक व्याज पुन्हा त्याच ७.६० टक्क्यांनी गुंतवले जाईल असे हे गणित धरून चालते. व्याज घरखर्चाला जात असेल तर साडेनऊ वर्षांनी जमा झालेली रक्कम तेवढी नसेल.

शिक्षिकेने विकलेच नसते तर? दर सहा महिन्यांनी ३२ हजार ७०० रुपये येत राहिले असते आणि २०३२ मध्ये दहा लाख पुरते मिळाले असते. मुदत जवळ येते तशी किंमत आपोआप शंभराकडे सरकते, मधले दर काहीही असोत. यावरून ‘मुदतीपर्यंत ठेवले तर नुकसान नाही’ असे सर्रास सांगितले जाते. रुपयांत ते खरे आहे, पण अर्धे. जूनमध्ये ७.६० मिळत असताना ती ६.५४ वर बांधलेली आहे, आणि न विकण्याने ती ५३ पैशांची तूट हप्त्याहप्त्याने स्वतः सोसते. बँकेतल्या जुन्या मुदत ठेवीचेही असेच असते. दर वाढल्यावर तिचेही मोल तितकेच घटते. फक्त ठेवीचा भाव रोज कोणी सांगत नाही, म्हणून ती घट दिसत नाही. शिवाय ठेव दंड भरून बँकेतच मोडता येते. रोखा मुदतीआधी सरकारकडे नेऊन मोडता येत नाही, त्याला बाजारात गिऱ्हाईकच शोधावे लागते.

किती पडेल ते मुख्यतः मुदतीवर ठरते, कारण तुटीचे हप्ते तेवढे जास्त. ७ टक्के कूपनचे तीन रोखे घेऊ आणि परतावा ७ वरून ८ टक्के झाला असे धरू. एक वर्ष उरलेला रोखा शंभरावरून ९९.०६ वर येईल, दहा वर्षांचा ९३.२० वर, तीस वर्षांचा ८८.६९ वर. पण चाळीस वर्षांचा ८८.०४ वरच थांबतो. शेवटच्या दहा वर्षांतले हप्ते इतके दूर आहेत की त्यांच्या तुटीचे आजचे मोल नाममात्र उरते. उलट दिशेला परतावा ६ टक्के झाला तर दहा वर्षांचा रोखा १०७.४४ वर जातो. पडताना ६.८० आणि चढताना ७.४४, हा फरक रोखा धरणाऱ्याच्या बाजूचा आहे.

इथे ‘व्याजदर’ म्हणजे कोणता दर, हेही नीट पाहायला हवे. रेपो हा बँकांना अगदी थोड्या दिवसांसाठी मिळणाऱ्या पैशाचा दर. दहा वर्षांच्या रोख्याची किंमत दहा वर्षांच्या परताव्यावर हलते, आणि त्यात पुढच्या रेपोवाढीचा अंदाज आधीच मिसळलेला असतो. जून २०२२ मध्ये रेपो ४.९० टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० झाला. तरी दहा वर्षांचा परतावा जूनच्या उंचीवर पुन्हा टिकला नाही. दरवाढीची बातमी आली म्हणून घाईने विकणाऱ्याने बहुधा बाजाराने आधीच कापून घेतलेल्या किमतीला विकलेले असते.

हे रोखे घेण्यासाठी नागपूरच्या संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत जावे लागत नाही. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या संकेतस्थळावर घरबसल्या खाते उघडता येते आणि लिलावात किमान दहा हजारांपासून मागणी नोंदवता येते. नव्या माणसाची पहिली शंका तिथल्या बिलावर येते: भाव ९२.९२ ठरला आणि पैसे त्याहून जास्त कापले गेले. हे साचलेले व्याज असते. १७ जुलै आणि १७ जानेवारी यांच्यामध्ये कुठेही रोखा विकला, तरी मधल्या दिवसांचे व्याज विकणाऱ्याचे. पण पुढचे पूर्ण कूपन जमा होणार घेणाऱ्याच्या खात्यात. म्हणून घेणारा ते विकणाऱ्याला आधीच देऊन टाकतो. सरकारी रोख्यात महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरतात. १७ ऑक्टोबरला सौदा पुरा झाला तर ९० दिवस, म्हणजे दहा लाखांवर १६ हजार ३५० रुपये. भाव वाढलेला नसतो आणि दलालीही कापलेली नसते. ही रक्कम जानेवारीत ३२ हजार ७०० मध्ये परत येते.

याहून महाग पडणारी चूक म्हणजे मोठ्या कूपनला भुलणे. दर उतरलेले असताना जुना ९ टक्क्यांचा रोखा यादीत उठून दिसतो. पाच वर्षे उरली आहेत आणि बाजारात परतावा ७ टक्के आहे, तर त्याची किंमत १०८ रुपये ३२ पैसे असेल. दहा लाखांच्या दर्शनी मूल्यासाठी १० लाख ८३ हजार २०० मोजायचे, वर्षाला ९० हजार घ्यायचे आणि शेवटी दहाच लाख परत. चालू परतावा ८.३१ टक्के दिसतो, खरा परतावा ७. त्या ९० हजारांत दरवर्षी आपल्याच मुद्दलाचा एक तुकडा परत येत असतो. सगळे ९० हजार खर्च करणाऱ्याला पाच वर्षांनी ८३ हजार २०० कमी मिळाले की फसवले गेल्यासारखे वाटते. आणि प्राप्तिकर दरवर्षी पूर्ण ९० हजारांवर लागलेला असतो, कारण कायद्याच्या लेखी ते सगळे व्याजच.

रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे, २०२० या हिशेबात बसत नाहीत. त्यांचे व्याज राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दराहून ०.३५ टक्के जास्त असते आणि दर सहा महिन्यांनी नव्याने ठरते, त्यामुळे तूट साचायला वावच उरत नाही. शिवाय ते बाजारात विकताच येत नाहीत, ज्येष्ठ नागरिकांची सवलत सोडली तर सात वर्षे धरून ठेवावे लागतात.