हलकी डिस्क जास्त का तापते? बीड, कार्बन आणि सिरॅमिक ब्रेकची पार्श्वभूमी

ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता आधी डिस्कच्या अंगात जाते. हवेत ती नंतर हळूहळू सुटते. म्हणून डिस्क कशाची करायची हा प्रश्न पहिल्यापासून दोन बाजूंनी ओढला गेला आहे. वजन कमी केलं की उष्णता साठवायला माल कमी उरतो, मग उरलेल्या मालाला जास्त तापमान सोसावं लागतं.

इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट 1902 मध्ये घेतलं. तांब्याचं अस्तर धातूवर घासताना असह्य आवाज व्हायचा, त्यामुळे कल्पना मागे पडली. तिला खरी मान्यता मिळाली ती 1953 च्या ल मान्स शर्यतीत. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप तिथे जिंकली. लांब सरळ रस्त्यानंतर ड्रम ब्रेक तापून ढिले पडत, तर डिस्क उघडी असल्याने लवकर निवत असे. दोनच वर्षांनी सित्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या.

बोलताना सरसकट ‘स्टीलची डिस्क’ म्हटलं जातं. स्टेनलेस स्टील मुख्यतः मोटरसायकलला असतं, कारमध्ये बहुधा बीडच. बीड स्वस्त आहे, ओतायला सोपं आहे, उष्णता झटकन पसरवतं आणि त्यातल्या ग्रॅफाइटमुळे कंप जिरतात. मोठा दोष म्हणजे वजन. शिवाय डिस्क वारंवार सहाशे-सातशे अंशांच्या पुढे गेली तर बिडाची अंतर्गत रचना बदलते. पृष्ठभागावर कडक, निळसर-काळे डाग उमटतात आणि ब्रेक दाबताच स्टीअरिंग थरथरतं. पुढे हवेसाठी पाडलेल्या छिद्रांपासून तडे जातात.

कार्बन आलं विमानांतून. उतरताना किंवा उड्डाण ऐन वेळी रद्द करताना विमानाचा ब्रेक एका दमात प्रचंड उष्णता घेतो, आणि तिथे प्रत्येक किलोला किंमत असते. कार्बनचे धागे कार्बनमध्येच बांधलेला हा माल बिडाच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या घनतेचा आहे, आणि तापल्यावर दर किलोमागे त्याच्याहून कितीतरी जास्त उष्णता धरतो. काँकॉर्डवर तो वापरला गेला. 1976 मध्ये गॉर्डन मरे यांनी ब्रॅबमच्या फॉर्म्युला वन गाडीवर त्याचे प्रयोग केले, आणि 1980 च्या दशकात बाकीचे संघही तिकडे वळले. हजार अंशांवर लाल होऊनही ही डिस्क काम करते. मात्र थंड असताना ती नीट पकडत नाही, आणि खूप तापली की हवेतला ऑक्सिजन कार्बन खाऊ लागतो. भट्टीत महिनोन् महिने थर चढवून ती बनते, म्हणून किंमतही तशीच. रोजच्या रस्त्यासाठी ती निरुपयोगीच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावरचा मार्ग म्हणजे सिरॅमिक डिस्क. कार्बनच्या धाग्यांचा सांगाडा करून त्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवतात. त्याचं सिलिकॉन कार्बाइड बनतं आणि थंडीतही पकड मिळते. पोर्शने 2000 च्या सुमारास 911 टर्बो आणि जीटी2 वर या डिस्क आणल्या. वजन बिडाच्या जवळपास निम्मं. किंमत मात्र बरीच जास्त.

आता एक हिशेब. दीड टनाची गाडी ताशी 200 किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे 2.3 मेगाज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला 0.8 मेगाज्यूल येते असं धरू. दहा किलोची बिडाची डिस्क त्याने साधारण 160 अंशांनी तापेल. पाच किलोची सिरॅमिक दर किलोला जास्त उष्णता धरत असली तरी सुमारे 200 अंशांनी तापेल. लागोपाठ दहा वळणांवर हा फरक साचत जातो. म्हणजे सिरॅमिक थंड राहते हा समज चुकीचा आहे: ती जास्त तापते, फक्त त्या तापाने वाकत नाही. म्हणूनच अशा डिस्क बहुधा आकाराने मोठ्या ठेवतात. पॅड आणि ब्रेक ऑइलला मात्र तो जास्तीचा ताप सोसावाच लागतो.

झीजही वेगळ्या तऱ्हेने मोजावी लागते. बिडाची डिस्क मायक्रोमीटरने मोजतात, किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. सिरॅमिकची जाडी वर्षानुवर्षं जवळपास तेवढीच दिसते, पण अति तापाने आतला कार्बन जळून वजन घटतं. त्यामुळे ती उतरवून, धुऊन, वाळवून काट्यावर ठेवतात आणि डिस्कवर छापलेल्या किमान वजनाशी ताडून बघतात. रस्त्यावर शांतपणे चालवणाऱ्याची सिरॅमिक डिस्क फार वर्षं टिकते. ट्रॅकवर सतत पळणारे कित्येक जण मात्र ती काढून जपून ठेवतात आणि बिडाच्या डिस्क चढवतात, कारण तिथे डिस्क संपतातच आणि बिडाची जोडी बदलणं परवडतं.